एकटाच माणूस धरा

ईरप्पा वीरभद्रप्पा हत्तुरे आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचा आणि मी मराठी. त्याला माझ्या विषयात काडीचा रस नव्हता आणि मला त्याच्या विषयाची धास्ती होती, म्हणून आमचं चांगलं जमलं. सोलापुरात तेव्हा मोटरसायकलवाला प्राध्यापक म्हणजे नवलच. बाकीचे आम्ही सायकली हाणत यायचो. हा पठ्ठ्या जावा गाडीवरून यायचा, आणि वर्गात मोटरसायकलच्या वळणाचं गणित आलं की गाडीची किल्ली बोटात फिरवत शिकवायचा. व्हरांड्यातून मी ते इतक्या वेळा ऐकलंय की आज झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

"गाडी वळणावर आत झुकते. मग पडत का नाही?" तो विचारायचा. मग फळ्यावर एक तिरकी रेघ. रेघेच्या खालच्या टोकाला टायर, वर मध्यावर एक ठिपका. "हे वस्तुमानकेंद्र. गाडी आणि माणूस, दोघांचं मिळून. आता या ठिपक्याभोवती काय काय फिरवायला बघतंय ते मोजा. वजन ठिपक्यातूनच जातं, त्यामुळं ते काही फिरवत नाही. राहिल्या दोन गोष्टी, दोन्ही टायरपाशी. जमीन वर ढकलते, ती गाडीला आणखी आत पाडायला बघते. घर्षण वळणाच्या आत ढकलतं, ते गाडीला उभी करायला बघतं. दोघांचा टॉर्क सारखा झाला की गाडी ना पडते ना उभी राहते." मग समीकरण मांडायचा. वस्तुमान दोन्हीकडून उडायचं, उंची उडायची, आणि उरायचं एवढंच: झुकण्याच्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या गुणिले जी. "म्हणजे लठ्ठ असो की रोड, उंच असो की बुटका, त्याच वळणाला त्याच वेगात सगळ्यांना तितकंच झुकावं लागतं," असं म्हणून तो वळून हसायचा. नुकतंच लग्न झालेल्या माणसासारखा हसायचा तो तेव्हा.

त्याच्या बायकोचं नाव रुद्राणी. ती मागे बसायची, सगळ्या बायका बसतात तशी, दोन्ही पाय डावीकडे सोडून. वळण आलं की तिचा जीव वर-खाली व्हायचा. ईरप्पा तिला सांगायचा, "तू पोतं हो. मी झुकेन तशी झुक, दुसरं काही करू नको." ती हसायची आणि त्याचा शर्ट मुठीत आवळायची. त्यांना एक मुलगी होती, दाक्षायणी.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात दोघं रुद्राणीच्या आईला भेटायला निघाले. मुलगी आधीच आजीकडे होती. अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या पुढं एक उजवं वळण आहे. दुष्काळी कामावर तिथं रस्त्याच्या दोन्ही कडांना मुरूम पसरला होता, आणि तो दाबायचा राहून गेला होता. त्या वळणावर गाडी डांबर सोडून डाव्या कडेच्या मुरमात गेली, चाक सरकलं आणि गाडी आडवी झाली. ईरप्पाचं कोपर मोडलं. रुद्राणीचं डोकं मैलाच्या दगडावर आपटलं आणि ती तिथंच गेली.

गावानं दुसऱ्याच दिवशी निकाल दिला. प्रोफेसर साठनं चालला होता. सर्कस करत होता. तो म्हणत होता, काटा तीसवर होता. कोण ऐकतंय? त्याची सासू बसव्वा तर एकच बोलली, "ज्याच्या हातनं माझी लेक गेली त्याच्या हातात नात देणार न्हाय." आणि तिनं दाक्षायणीला ठेवून घेतलं.

ईरप्पा एकटा राहू लागला. मला त्या घरात जायचा कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू? बाहुलीचा एक पाळणा कोपऱ्यात, त्यावर धूळ, आणि हा स्टोव्हवर भात लावून भांड्यातूनच खाणारा. बोलायचं म्हटलं तर एकच विषय. "हिंदुराव, मी तीसनं होतो. हे सिद्ध करता येईल. कोन मिळाला की वेग मिळतो." मी म्हणायचो, "कोन कुणी मोजून ठेवलाय का, शहाण्या?" तो म्हणायचा, "कुणीतरी पाहिला असेल की."

आणि पाहिला होता. त्या वेळी समोरून एक बैलगाडी येत होती. गाडीवान रामहरी, जवळच्याच वस्तीवरचा. ईरप्पानं त्याला शोधून काढला आणि एका रविवारी आम्ही तिघं त्या वळणावर उभे राहिलो. मी टेपचं टोक धरलं. रस्त्याच्या आतल्या कडेला वीस मीटरची दोरी ताणली, दोरीच्या मध्यापासून कडेचा फुगवटा दोन मीटर भरला. ईरप्पानं तिथंच हिशेब केला, "त्रिज्या सव्वीस मीटर." मग तो रामहरीकडे वळला. "गाडी वळणावर आली तेव्हा केवढी झुकली होती? दाखवा."

रामहरीनं चाबकाची काठी रस्त्यावर टेकवली आणि हळूहळू तिरकी केली. थांबला. जरा उभी केली. "एवढी. ह्याच्यापरीस जास्त न्हाय. तुमी कायतरी बोलत व्हता, बाईसाहेब हसत व्हत्या."

ईरप्पानं ओळंबा सोडला, कंपासपेटीतला कोनमापक लावला. पंधरा अंश, फार तर सोळा. ईरप्पा मुरमातच खाली बसला. "सत्तावीस शतांशाच्या आसपास टॅन्जंट. वेग तीस, हिंदुराव. साठ असता तर सत्तेचाळीस अंश झुकावं लागलं असतं, पावदान रस्त्याला घासलं असतं आणि टायरनं तेवढी पकडच दिली नसती." एका गाडीवानाच्या आठवणीवर एवढा विश्वास ठेवू नये हे मलाही कळत होतं, पण साठवाल्यांकडं तर तेवढंही नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी रामहरीला मिठी मारली.

तेवढ्यात रामहरी म्हणाला, "मग बाईसाहेब एकदम सरळ झाल्या. भाईर रेलल्या. आन् त्यांच्या मागं गाडी बी सरळ झाली. तशी सरळच मुरमावर गेली की."

ईरप्पानं कोनमापक पेटीत टाकला. परतताना, चालत, त्यानं मला ते समजावलं, आणि त्याच्या आवाजात फळ्यापुढचं काहीच नव्हतं. मागचा माणूस बाहेर रेलला की दोघांचा आणि गाडीचा मिळून ठिपका बाहेर सरकतो. जमिनीचा आत पाडणारा टॉर्क कमी पडतो, घर्षणाचा उभी करणारा टॉर्क तेवढाच राहतो. गाडी उभी होते. उभी झाली की वळण घेत नाही, मोठा फेर धरून बाहेर जाते. "गाडी हाताखाली उठली ते मला कळलं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं माझेच हात चुकले."

मी म्हटलं, झालं ते झालं, आता सासूबाईंना वेगाचं सांग आणि पोरीला घेऊन ये. बाहेर रेलल्याचं सांगायची गरजच काय? त्यानं मान डोलावली. तसं ठरवूनच आम्ही एसटीनं गेलो.

बसव्वा जोत्यावर शेंगा फोडत होती. दाक्षायणी दारामागून बघत होती. बापाला ओळखून ती लाजली. ईरप्पानं कागद पुढं केला नाही, आकडे सांगितले नाहीत. साध्या शब्दांत सांगितलं, "अत्ते, गाडी फार झुकली नव्हती. रामहरीनं डोळ्यांनी बघितलंय. जोरात असतो तर फार झुकवावी लागली असती. मी हळूच होतो." कानडीत सासूला अत्ते म्हणतात, त्यानं तो शब्द कित्येक महिन्यांत उच्चारला नसावा.

बसव्वाचे हात थांबले. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिला पटत होतं, मला दिसत होतं ते. मग तिनं विचारलं, "हळू व्हता, तर मग गाडी भाईर गेली कशी?"

ईरप्पानं एक शेंग उचलून बोटात फिरवली. कुणाला तरी बोलायलाच हवं होतं, म्हणून तीच बोलत राहिली.

"माज्या लेकीचं तर काय चुकलं नसंल. मी तिला पढवलं व्हतं. तिला लई भ्या वाटायचं तुमच्या गाडीचं. मी म्हनले, बाई, बैलगाडीचं एक चाक खड्ड्यात गेलं की आपन काय करतो? वरच्या बाजूला सरकतो. तसंच कर. नवरा गाडी हिकडं वाकवंल, तू तिकडं रेल. तोल ऱ्हातोय. हितनं निघताना दर खेपंला सांगायची मी. शेवटच्या खेपंला बी सांगितलं व्हतं." तिनं पदर तोंडाला लावला. "तिनं माजं ऐकलंच असंल. ती ऐकायचीच माजं. मग कशी गेली, सांगा तुमी. तुमी शिकलेलं हाय."

मी ईरप्पाकडे पाहिलं. बैलगाडीचं खरंच होतं. खड्ड्यात कललेल्या गाडीला वर सरकलेली माणसं सावरतात. ती वळत नसते, तिला आत ढकलणारं घर्षण नसतं. एवढा फरक. एवढा फरक तो वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत आला होता, आणि आता दोन वाक्यांत सांगून तो आपल्या मुलीला घरी नेऊ शकत होता. सांग रे, सांग, मी मनात ओरडत होतो.

"अत्ते," तो म्हणाला, "रुद्राणीचं काही चुकलं नाही. तुमचंही नाही. मी जोरात होतो. रामहरीला नीट आठवत नसेल."

बसव्वानं पुन्हा शेंगा फोडायला घेतल्या. "म्हनूनच पोरीला देत न्हाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, उलट सुटल्यासारखं काहीतरी होतं. एसटीत मी त्याला वाटेल ते बोललो. भेकड म्हटलं, मूर्ख म्हटलं. तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. वळण आलं तेव्हा बस कलली आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

गाडी त्यानं विकली आणि सायकलवर आला. वळणाचं गणित मात्र दर वर्षी अभ्यासक्रमात असायचंच. तो किल्ली फिरवायचा नाही, हसायचा नाही. मागे कुणी बसलं तर काय, असं कुणीतरी हमखास विचारायचं. तो खडू खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "गाडीवर एकटाच माणूस आहे असं धरा."

एकोणऐंशी साली बसव्वा डोळ्याच्या ऑपरेशनला सोलापूरला आली, दाक्षायणी बरोबर होती. नऊ-दहा वर्षांची असेल, हुबेहूब रुद्राणी. आम्ही दोघं त्यांना एसटी स्टँडवर पोचवायला गेलो. आजी बाकावर टेकली होती. पोरीनं बापाचं बोट धरलं होतं, आणि विचारू की नको असं करत शेवटी तिनं विचारलंच, "बाबा, तुमी त्या दिवशी लई जोरात व्हता?"

त्यानं बाकाकडे पाहिलं. बसव्वा हिरव्या पट्टीखालून कान देऊन बसली होती.

"व्हय बाळ," ईरप्पा म्हणाला. "लई जोरात होतो."

पोरीनं हळूच बोट सोडलं आणि आजीजवळ जाऊन बसली.