बाजाराच्या दुसऱ्या दिवशी

गेल्या ऑक्टोबरमधल्या एका गुरुवारी सकाळी मामा आणि मी मालेगावच्या वाटेवरच्या एका गावी पोहोचलो, तेव्हा गुरांच्या बाजाराचे मैदान रिकामे होते. दावणीच्या खुंट्या होत्या, पाण्याचा हौद कोरडा होता. मामांनी गाडीतून उतरून मैदानाला एक चक्कर मारली आणि परत येऊन बसले.

मामांची शेती चांदवड तालुक्यात. पावसाळ्यात त्यांच्या जोडीतला एक बैल साप चावून गेला. उरलेल्याला जोडीदार मिळाला, तरच कांद्याच्या रानाची मशागत बैलांवर होणार होती. नुकताच पाऊस उघडला होता. जमिनीत नांगर चालेल एवढीच ओल होती आणि ती फार तर दोन-तीन दिवस टिकणार होती.

निघण्याआधी चौकशी केली होती. फोनवरच्या नकाशात मैदान सापडले, पण वार कुठेच दिला नव्हता. म्हणून मामांनी त्या गावच्या एका ओळखीच्या बैल व्यापाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "बाजाराच्या दुसऱ्या दिवशी या. मैदान तेच हाय." मामांच्या गावचा आठवडे बाजार बुधवारचा. त्यांनी गुरुवार धरला. मी नाशिकहून गाडी घेऊन आदल्या संध्याकाळीच त्यांच्याकडे गेलो.

मैदानासमोर एका बाईंचे चहाचे दुकान होते.

"बैल बघाया आले का?" त्यांनी विचारले.

"हा."

"आज तुम्ही दोघंच हाय बाजारात."

मामा हसले नाहीत. चहा निम्मा ठेवून त्यांनी व्यापाऱ्याला फोन लावला.

"तूच म्हणला ना, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी?"

"मग? आमचा बाजार रविवारचा. सोमवारी गुरं."

"मी बुधवार धरला."

"तो तुमच्या गावचा, दादा. मी काय तुमच्या गावात राहतो?"

मामांनी विचारले, कोणाच्या गोठ्यात एखादा बैल असेल का. व्यापारी म्हणाला, माल सोमवारशिवाय येत नाही. मामांनी फोन खिशात टाकला. परतीच्या रस्त्यावर ते एकदाच बोलले, "वार विचारायचा राहिला."

शनिवारपर्यंत जमीन कडक व्हायला लागली. मामांनी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलावला. सगळे रान एका सकाळीत नांगरून झाले. बैल गोठ्यात उभा होता. मामी म्हणाल्या, "आता एकट्याला कशाला वैरण घालायची?"

रविवारी मामांनी मला बाजार समितीच्या कार्यालयात फोन करायला लावला. वार सोमवार, जागा तीच, बाजार सकाळी लवकर भरतो, असे तिथून कळले. मामांनी "सोमवार" हा शब्द माझ्याकडून दोनदा वदवून घेतला.

सोमवारी मैदान भरले होते. पिकअपमधून मामांचा बैल उतरवला, तेव्हा तो व्यापारी पुढे आला आणि म्हणाला, "घ्यायला येणार होते ना, दादा?"

"येणार होतो," मामा म्हणाले.

दुपारी निफाडकडच्या एका शेतकऱ्याने बैल घेतला. त्याच्याही जोडीतला एकच उरला होता.