लाल लुगडं आणि वळू

नागपूरच्या बाहेर वळूंच्या गोठ्यात मी शेण काढते. घर कोकणात, शाळा सातवीत सुटलेली. ही नोकरी आणि राहायला खोली मला ज्या काकांनी मिळवून दिली, त्यांचाच हात मोठ्या वळूनं कुंपणाच्या लोखंडी नळीवर चेचला.

मी समोरच होते. दुपारी काका आत उभे राहून पांढऱ्या गमछ्यानं वळूच्या तोंडावरच्या माशा हाकलत होते. गमछा फडफडला, वळूनं मान खाली घातली, आणि झालं. मी लाल लुगड्यात होते.

हाताला प्लास्टर घालून आलेले काका गोठ्याच्या साहेबांना म्हणाले, "इनं लाल घातलं होतं ना साहेब, म्हणून बिघडला तो." मग माझ्याकडे वळून, "तुले किती वेळा सांगतलं वं, लाल घालू नको म्हणून."

साहेब मला म्हणाले, "मग उद्यापासून येऊ नका." मला रडू आलं नाही. खोली कधी सोडायची, एवढंच विचारलं.

वळूच्या कपाळाला खरचटलं होतं, ते बघायला गुरांच्या डॉक्टरबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला खोलीवरून लुगडं आणायला पाठवलं. ते त्यांनी कुंपणाला घट्ट बांधलं. वळूनं येऊन ते हुंगलं, काठ चाटला आणि तो परत सावलीला गेला. मग त्यांनी बाहेरूनच काठीला पांढरं पोतं बांधून हलवलं. वळू धावत येऊन नळीवर आदळला. त्याला शांत होऊ दिलं, आणि मग लुगडं तसंच हलवलं. पुन्हा तेच.

"लाल रंग त्याला आपल्यासारखा दिसतच नाही," बाई म्हणाल्या. "तोंडापुढे एकदम काही हललं, आणि मागे सरायला जागा नसली, की तो घाबरून अंगावर येतो. रंगाचं काही नाही."

"तर मग त्या दिवशी हलवलं कोणी?" साहेबांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काका माशा हाकलत होते," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण दुसऱ्या कुणाचा ऐकावा तसा ऐकू आला.

साहेबांनी काकांना चारा कापायच्या कुट्टी मशीनच्या कामावर टाकलं. हात बरा झाल्यावरही तिथेच राहायचं, म्हणाले. तो वळू काकांनी वासरू असल्यापासून वाढवलेला. माझी नोकरी राहिली.

दुसऱ्या दिवशी मी वळूला पाणी पाजायला निघाले, तेव्हा काका कुंपणाबाहेर येऊन उभे राहिले. माझ्या खांद्यावर पदर सुटा होता.

"खोच तो," ते म्हणाले. "अन् बाजूनं जा. त्याले तू येऊन राहिली ते दिसू दे."

मी पदर खोचला आणि बादली उचलली.