बायोडाट्यातलं सहा लाखांचं पॅकेज

नव्या कंपनीत निवड झाल्याचा फोन मला नांदेडात आला. पॅकेज सहा लाख. मी बाबांना सांगितलं आणि अर्ध्या तासात आमच्या गावच्या, रेणापुरातल्या म्हशीसुद्धा ते बोलू लागल्या असाव्यात. बाबांनी बारानं भागून माझ्या लग्नाच्या बायोडाट्यात छापलं: महिना पन्नास हजार. लोह्याची मुलीकडची मंडळी रविवारी यायची ठरली.

मीही काही कमी नव्हतो. ऑफर लेटरची वाट न पाहता माझ्या सध्याच्या बियाणे कंपनीच्या साहेबाच्या टेबलावर राजीनामा असा ठेवला, जणू तेच माझ्याकडे कामाला होते.

ऑफर लेटरचा ईमेल दुसऱ्या दिवशी आला. माझा रूम पार्टनर सीएच्या ऑफिसात पगारपत्रकं करतो. त्यानं मोबाइल हातात घेतला आणि त्याचा चेहरा पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरासारखा झाला.

"हा वरचा आकडा कंपनीला पडणारा खर्च हाय, भाऊ. तुझा पगार न्हाई."

"म्हणजे?"

"यात कंपनीचा पीएफचा वाटा हाय, ग्रॅच्युइटी हाय. साठ हजार तर बोनसच धरलाय. तो वर्षाअखेरी, कंपनीला वाटलं तर. त्या दिवशी तू नोटीसवर असलास तर तोबी न्हाई."

"हातात किती?"

"तुझा पीएफ अन् व्यवसाय कर कापून साडेसदतीस."

पन्नासातले साडेबारा हजार जेवणाच्या ताटावरच वारले. मी म्हटलं, जाऊ दे, साडेसदतीसपण लई हाय. तो पुढं वाचून राहिला होता.

"तीस दिवसांत रुजू व्हायचं, सोबत जुन्या कंपनीनं सोडल्याचं रिलीव्हिंग लेटर. न्हाई तर ऑफर रद्द. तुझी नोटीस किती?"

"साठ दिवस."

त्यानं मोबाइल उलटा ठेवला.

सकाळी नव्या कंपनीच्या मॅडमला फोन केला. फार तर पंधरा दिवस वाढवून मिळतील, म्हणाल्या. होकार आज सहापर्यंत कळवा. मग साहेबाकडं गेलो. उरलेल्या दिवसांचा पगार मी भरतो, पंचेचाळीस दिवसांत सोडा, म्हणालो.

"पेरणीचा सीझन हाय बाबा. पैसे घेऊन काय करू, माणूस पाहिजे."

"मग राजीनामा परत घेतो साहेब."

"तो तर वर पाठवला, मंजूरबी झाला. लई रुबाबात ठेवला होतास न्हाई का?"

मी मान खाली घालण्याचा जिल्हा विक्रम त्या दिवशी केला. साहेबानं चहा पाजला; तारीख मात्र एक दिवससुद्धा हलवली नाही.

पाच वाजून पन्नास मिनिटांनी मी ईमेलमधलं 'स्वीकारतो'चं बटण दाबलं. पंधरा दिवस कुठून आणणार ते मला माहीत नव्हतं, पण दाबलं. तेवढ्यात बाबांचा फोन.

"अरे, लोह्याची मंडळी विचारून राहिलीत, जॉइन कधी होणार?"

उभ्या आयुष्यात मला थापेची कधी उणीव पडली नव्हती. त्या दिवशी हाती लागली ती सगळ्यात जुनी थाप.

"बाबा, आवाज कटून राहिला," मी म्हणालो.

"मला तर लख्ख ऐकू येऊन राहिलंय," बाबा म्हणाले. "तारीख सांग."