कवितेतून जीप काढण्याचा ठराव

आमच्या जव्हारच्या सायकल मंडळाने माझ्याकडे कविता मागितली, ती मी कवी आहे म्हणून नव्हे. आयुष्यभर कोर्टात कारकुनी केली आणि निवृत्तीनंतर तहसील, पंचायत समिती, एसटी आगार यांपैकी एकाही कार्यालयाला पत्रावाचून झोपू दिले नाही, एवढीच माझी ख्याती. परंतु मंडळाच्या अध्यक्षांचा, म्हणजे बाजारपेठेतल्या एका भरभराटीच्या कापडदुकानाच्या मालकाचा, असा समज होता की ज्याला अर्ज लिहिता येतो त्याला कविताही येते. "काका, रॅली आहे, दाभोशाच्या धबधब्यापर्यंत," ते म्हणाले. "पहाट, मोकळे रस्ते, असं काहीतरी द्या. मुंबईचे पाहुणे येणार आहेत. जरा दणक्यात."

मोकळे रस्ते! जव्हार ते दाभोसा हा रस्ता पहाटे ज्याला मोकळा दिसतो, त्याने तो पहाटे पाहिलेला नाही. भाताची कापणी आटोपली की त्या रस्त्यावर उजाडण्याआधीपासून जीपा धावतात. आत माणसे, मागे लटकलेली माणसे, टपावर माणसे. जव्हारच्या नाक्यावर मुकादमाचा ट्रक उभा असतो. तो माणसे मोजतो, भरतो आणि निघतो. जो उशिरा आला त्याचा दिवस बुडाला. मजुरीला रविवार नसतो. रविवार मंडळाला असतो.

तरीही मी होकार दिला. कारण अध्यक्षांच्या मागण्यांत एक मागणी शहाणपणाची होती. कविता सायकल चालवताना म्हणता आली पाहिजे, पुढच्याने अर्धी ओळ द्यायची आणि मागच्यांनी अर्धी झेलायची, असे त्यांचे म्हणणे. त्याला एकच रचना योग्य: आंतरयमक. अंत्ययमकात जुळणारा शब्द ओळीच्या टोकाला भेटतो आणि पुढची ओळ संपेपर्यंत जोडीदाराची वाट पाहतो. चढणीवर धापा टाकणाऱ्या माणसाकडे एवढा श्वास नसतो. आंतरयमकात जुळणी ओळीच्या पोटातच होते. मी वीस अक्षरांची ओळ घेतली, तिचे पाच-पाच अक्षरांचे चार तुकडे पाडले. पहिल्या तीन तुकड्यांचे शेवट जुळलेले, चौथा मोकळा. आपल्या ओवीची चाल अशीच असते, तीन चरण बांधलेले आणि चौथा सुटा. पहिले दोन तुकडे पुढच्याने म्हणायचे, उरलेले दोन मागच्यांनी.

पहाट फुटे, काळोख तुटे, धुकेही सुटे दरीच्या काठी
चढण आली, मान ये खाली, घामाने न्हाली वळणे सारी

मंडळाच्या सभेत ती वाचली तेव्हा खजिनदारांनी, ते एका शाळेत गणित शिकवतात, लगेच दुरुस्ती सुचवली. "'धुकेही सुटे'ऐवजी 'धुकेही उठे' केलं तर?"

"ट आणि ठ जुळत नाहीत," मी म्हणालो.

"जवळपास आहेत की."

"तुम्ही मुलांना जवळपास उत्तराला गुण देता काय?"

सभेत हशा झाला. खजिनदार मात्र हसले नाहीत.

तिसरी ओळ ही कवितेची कामाची ओळ होती. समोरून गाडी दिसली की पुढच्या सायकलस्वाराने ती द्यायची आणि सर्वांनी जोडीजोडीने चालणे सोडून डाव्या कडेला एकामागे एक व्हायचे. हा सुरक्षेचा नियम सायकलवाल्यांचाच आहे, मी फक्त त्याला यमक दिले:

जीप ही यावी, रांग ती व्हावी, वाट ही द्यावी आधी तिजला

यावी, व्हावी, द्यावी. पहिल्या दोघींनी कान तिसरीसाठी उघडा ठेवलेला असतो. अंत्ययमकाच्या कवितेतून एखादी जोडी काढली तर कोणाला कळणारही नाही. आंतरयमकातून एक शब्द काढा, राहिलेले दोन बोंब मारतात.

मंडळाचे लोक चार-पाच रविवार सराव करत होते, जामसरच्या बाजूला आणि परत. माझ्या घरावरूनच जायचे. पहाटे खिडकीतून ऐकू येई: पुढून एकटा आवाज, मागून पन्नासजणांचा. बँकेत जांभया देत बसणारा माणूस चढणीवर "वाट ही द्यावी" असे ओरडतो, हे ऐकून मला समाधान वाटले, हे मी नाकारत नाही.

त्यानंतर मुंबईचे पाहुणे पक्के झाले आणि अध्यक्षांच्या डोक्यात वारे शिरले. रॅलीच्या सकाळी रस्ता "पूर्ण मोकळा" ठेवायचा, असे त्यांनी ठरवले. दाभोशाकडून येणाऱ्या जीपा मंडळाचे स्वयंसेवक लाल झेंडे दाखवून अलीकडच्या वळणावर रोखतील. सगळ्या सायकली पार होईपर्यंत जीपांनी उभे राहायचे.

दाभोशाचा एक जीपवाला माझ्या ओट्यावर येऊन बसला. त्याच्या गाडीतून रोजच मजूर येतात. "साहेब, तुम्ही लिवणारे. ते सायकलवाले मना थांबवतील, आन् नाक्यावर मुकादम थांबल का? माझी माणसं रोजाला जायची हायेत. ती मना शिव्या घालतील, सायकलवाल्यांना नाय."

"रॅलीच्या परवानगीच्या पत्रात अट आहे," मी त्याला सांगितले. "वाहतुकीस अडथळा करायचा नाही. सार्वजनिक रस्त्यावर गाडी अडवण्याचा अधिकार पोलिसाला आहे, झेंडा हातात घेतलेल्या कापडाच्या व्यापाऱ्याला नाही."

"ह्ये तुम्ही त्याला सांगा. मना सांगून काय फायदा? मी तर अडणाराच हाय."

मी सांगितले. पोलीस ठाण्याला पत्र दिले, तहसीलदारांना प्रत दिली, अध्यक्षांच्या हातात समक्ष दिले. ठाण्यातून "पाहतो" असे तोंडी उत्तर आले. अध्यक्षांनी पत्र वाचले, घडी केली आणि म्हणाले, "काका, दीड-दोन तासांचा तर प्रश्न आहे. आणि खरं सांगू, तुमच्या त्या जीपच्या ओळीनंच लोकांच्या डोक्यात हे भरलंय. कवितेत जीप शोभते का? पाहुण्यांना निसर्ग हवाय."

मग मंडळाने चक्क ठराव केला. जीप कवितेतून काढावी. ठराव सर्वानुमते संमत झाला. कवीला बोलावले नव्हते. कायद्याच्या राज्यात गाडी रस्त्यावरून हटवायला परवाना लागतो, कवितेतून हटवायला कोरम पुरतो. काढलेल्या जागी खजिनदारांनी स्वतः भर घातली. पत्रकावर ओळ छापली गेली ती अशी:

पहाट व्हावी, रांग ती व्हावी, सुसाट जाऊ मोकळ्या वाटे

अक्षरे त्यांनी अचूक मोजली. प्रत्येक तुकडा पाचाचा. गणिताचे शिक्षक! पण "व्हावी"ला "व्हावी" जोडणे हे यमक नव्हे, तो शब्दच दोनदा ठेवणे आहे. आणि तिसऱ्या तुकड्यात तर जुळणीच नाही. दोनदा "आवी" ऐकवून कानाला "जाऊ" देणे म्हणजे हात पुढे करायला सांगून ताटच काढून घेणे. मी ते त्यांना लेखी कळवले.

रॅलीच्या सकाळी थंडी कडक होती. मला सन्माननीय कवी म्हणून पाण्याच्या बाटल्या आणि जादा ट्यूब वाहणाऱ्या टेम्पोत बसवले, ड्रायव्हरच्या शेजारी. पुढे मंडळाचे लोक, मागे पाहुणे, झगमगीत कपड्यांत. दरीत धुके साचले होते. पहिल्या दोन ओळी उत्तम झाल्या. पाहुण्यांनाही उचलता आल्या, इतक्या सोप्या आहेत.

उतार संपून शेवटच्या मोठ्या वळणाशी आलो तेव्हा पुढे लाल झेंडा दिसला. झेंड्याच्या पलीकडे जीपांची ओळ. पहिली माझ्या ओट्यावर बसलेल्या माणसाची. टपावरची माणसे गुडघ्यांभोवती हात बांधून बसलेली, आतल्या बायकांनी पदर कानाला घट्ट धरलेले. स्वयंसेवक झेंडा आडवा धरून उभा, शाळेत हजेरी घेतल्यासारखा.

अध्यक्ष स्वतः सर्वांत पुढे होते. त्यांनी नवी ओळ दिली. पत्रकात छापलेली, ठरावाने संमत झालेली:

"पहाट व्हावी, रांग ती व्हावी..."

मागून पन्नास आवाज आले:

"वाट ही द्यावी आधी तिजला!"

कोणी बंड केले नव्हते. पत्रक प्रत्येकाच्या खिशात होते, पण कानाने दोनदा "आवी" ऐकले आणि जिभेने तिसरी उचलली. "सुसाट जाऊ" म्हणायला त्यांना थांबून विचार करावा लागला असता, आणि सायकलवर कोण थांबतो? एवढ्यावर थांबले नाही. ओळ म्हटली म्हणजे डावीकडे व्हायचे, हे त्यांच्या हँडलला इतक्या सरावानंतर ठाऊक होते. जोड्या मोडल्या. सगळे डाव्या कडेला एकामागे एक लागले. पाहुण्यांनी पुढच्यांचे पाहून तेच केले. उजवीकडचा अर्धा रस्ता रिकामा झाला.

अध्यक्ष ओरडले, "अरे, चुकलात! पुन्हा! पहाट व्हावी, रांग ती व्हावी..."

"वाट ही द्यावी आधी तिजला!" या वेळी पाहुणेसुद्धा.

झेंडेवाल्या स्वयंसेवकाने आधी अध्यक्षांकडे पाहिले, मग रांगेकडे. सराव त्यानेही केला होता. रांग झाली की गाडी जाते, एवढेच त्याला माहीत. त्याने झेंडा खाली घेतला.

जीपवाल्याने इंजिन सुरू ठेवलेच होते. तो आमच्या टेम्पोजवळून गेला तेव्हा वेग कमी करून खिडकीतून डोके काढले. "साहेब, गाणं बेस हाय! पर तुमच्या शेटला काय पाठ नाय!" टपावरचे हसले. त्याच्यामागून बाकीच्या जीपा गेल्या.

दाभोशाला पोचल्यावर अध्यक्ष माझ्याकडे आले. चेहरा घामाने नव्हे, संतापाने लाल. "काका, तुम्ही लोकांना शिकवून ठेवलं होतंत."

"मी घरी होतो. शिकवलं तुम्ही, चार-पाच रविवार."

"मग ठरावाचं काय?"

"ठराव कागदावर आहे. कविता तोंडात होती. कागद आणि तोंड दोन्ही बदलायची असतील तर दोन ठराव लागतात, आणि दुसऱ्याची अंमलबजावणी तुमच्याच्यानं होणार नाही."

खजिनदार मध्ये पडले. "पण अक्षरं तर बरोबर होती!"

"अक्षरं बरोबर होती," मी म्हणालो. "मेजवानीत पत्रावळ्या बरोबर मोजून मांडल्या म्हणून भात आपोआप वाढला जात नाही."

त्यानंतर व्यासपीठावर अध्यक्षांनी पाहुण्यांना सांगितले की "स्थानिक श्रमिकांना प्रथम वाट देणे ही आमच्या मंडळाची परंपराच आहे." टाळ्या झाल्या. मला शाल देऊ केली, ती मी घेतली नाही. फोटोसाठी उभा राहा म्हणाले, उभा राहिलो नाही. असल्या निर्लज्जपणाला पुरावा मिळू नये, एवढीच माझी खबरदारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम नाक्यावर गेलो. तोच जीपवाला चहा पीत उभा होता. मी विचारले, "काल ट्रक मिळाला का?"

"मिळाला. मुकादम दार लावत व्हता. माझी माणसं पळाली, चढली. एक म्हातारी मागं रायली, तिला वर ओढली." त्याने पेला ठेवला. "एका गाडीपुरतं वाचलं, साहेब. मागच्या दोन गाड्यांची माणसं गेली नाय. त्यांचा ट्रक तोवर निघून गेला व्हता."

मग मी घरी जाऊन पुन्हा पत्र लिहायला बसलो. विषयात लिहिले: विनापरवाना वाहतूक रोखून मजुरांचा दिवस बुडवल्याबद्दल. त्या दोन गाड्यांतल्या माणसांची नावे मला जीपवाल्याकडून घ्यायची होती. तो म्हणाला होता, माणसं कामावरून परतली की सांजच्याला दाभोशाला या, एकेकाला समोर उभं करतो. मी जाणार आहे. जीपनेच.