दोन इशारे

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचे पेपर मी चुडाव्यात, आमच्या एका खोलीच्या घरात, मोबाइलसमोर बसून दिले. त्या वर्षी कॉलेजं बंद होती. परीक्षा घरूनच द्यायची, मात्र कॅमेरा पूर्ण वेळ चालू ठेवायचा, असा नियम आला. मोबाइलमधलं ॲप चेहरा बघणार, आवाज ऐकणार, मधूनमधून फोटो काढणार. काही वेगळं दिसलं किंवा ऐकू आलं की पडद्यावर लाल पट्टीत इशारा येणार. तीन इशारे झाले की पेपर आपोआप जमा.

आमच्या घरात वेगळं असं एकच होतं, ते म्हणजे माझे बाबा. ते शाळेत शिपाई होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्यावरून लकव्याचा वारा गेला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. चार-दोन शब्द निघायचे, तेही आमच्याच लक्षात यायचे. दिवसभर ते खाटेवर असायचे. काही लागलं की डाव्या हातानं खाटेचा ठावा, म्हणजे उशाजवळचा लाकडी पाय, वाजवायचे. एकदा वाजवलं की पाणी, दोनदा वाजवलं की लघवीचं भांडं.

पेपरच्या आदल्या दिवशी सराव चाचणी होती. मी भिंतीला पाठ लावून बसले, तर ॲपला माझा चेहराच सापडेना. उजेड कमी आहे, असं ते सांगायचं. माझा रंग सावळा, घराला खिडकी नाही, आणि दुपारची लाइट गेलेली. मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, तिचंही तसंच झालं होतं, दाराकडं तोंड करून बस. तशी बसले, तर चेहरा सापडला, पण 'एकापेक्षा जास्त व्यक्ती दिसत आहेत' असा इशारा आला. मागच्या भिंतीवर आमच्या दोन तसबिरी होत्या, एक तथागताची आणि एक निळ्या कोटातली. ॲपनं त्यांनाही माणसांत धरलं होतं. मायनं दोन्ही उतरवल्या, पदरानं पुसल्या आणि पेटीवर पालथ्या ठेवल्या. तशा पालथ्या तसबिरी मी आमच्या घरात कधी पाहिल्या नव्हत्या.

राहिली खाट. दाराकडं तोंड केलं की ती माझ्या पाठीमागंच यायची. बाबांना शेजारी न्यावं, तर उचलायला दोघं-तिघं लागायचे, आणि खुरपणीच्या दिवसांत गल्लीत माणूस नसायचा. मायलाही रोजावर जायचं होतं. शेवटी तिनं खाटेपुढं दोरी बांधली आणि त्यावर तिचं जुनं लुगडं टाकलं.

बाबांना मी सगळं समजावून सांगितलं. तासाभराचा पेपर हाय, आवाज झाला तर नापास करतील, म्हणून पेपरच्या आधी भांडं देते, पाणी देते, मंग तासभर गप पडून राहा. परीक्षा म्हणजे काय, हे बाबांना सांगायला नको होतं. बोर्डाच्या परीक्षेत वर्गावर्गांत पाणी वाटताना ते चपला बाहेर काढून जायचे, आवाज होऊ नये म्हणून. त्यांनी डोळे मिटून मान हलवली.

पेपर अर्थशास्त्राचा होता, चाळीस प्रश्न. मोबाइल मी स्टीलच्या डब्याला टेकवला. हॉल तिकीट दाखवलं, ओळखपत्र दाखवलं, खोली फिरवून दाखवा म्हणून आलं, तीही दाखवली. लुगड्यासकट.

पंधरा मिनिटं बरी गेली. मग घराजवळच्या स्टेशनात गाडी आली आणि तिनं लांब भोंगा दिला. पट्टी लाल झाली. 'आवाज आढळला. इशारा एक.' गाडी मी थांबवू शकत नव्हते. हे कुणाला सांगायचं, त्याचं बटनही कुठं नव्हतं. मी पुढचा प्रश्न उघडला.

विसावा प्रश्न चालू असताना ठावा वाजला. एकदाच. दुसऱ्या ठोक्याची मी वाट बघत राहिले, पण तो आला नाही. मला कळलं की त्यांनी हात आवरला. पाणी हवं असतं, तर त्यांनी सहन केलं असतं आणि वाजवलंच नसतं. मागं वळून बघितलं तर नजर हलली म्हणून इशारा. उठले तर चेहरा नाही म्हणून इशारा. बोलले तर आवाज. घर माझं, बाप माझा, आणि चार हातांवरच्या खाटेपर्यंत मला जाता येत नव्हतं. मी पडद्याकडं बघत बसले. प्रश्नातले शब्द वाचत होते, पण अर्थ लागत नव्हता.

तेवढ्यात दारातून वाऱ्याची झुळूक आली. कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात माझ्या खांद्यामागं लुगडं उडालेलं दिसलं आणि लगेच लाल पट्टी आली. 'एकापेक्षा जास्त व्यक्ती. इशारा दोन.' लुगडं परत खाली बसलं. त्यानंतर थोड्या वेळानं खाटेखाली फरशीवर थेंब पडू लागल्याचं मला ऐकू आलं. तो आवाज ॲपला ऐकू गेला नाही. सोळा मिनिटं राहिली होती. मी चाळीसच्या चाळीस प्रश्न सोडवले.

पेपर जमा करून उठले, तेव्हा बाबांनी तोंड भिंतीकडं केलं होतं. मी अंथरूण बदललं, अंग पुसलं.

महिन्याभरानं निकाल लागला, पण माझा राखीव होता. कॉलेजात बोलावणं आलं. पूर्णेला गेले, तर टेबलामागं दोन सर आणि एक मॅडम बसले होते. एका सरांनी लॅपटॉप माझ्याकडं वळवला. पडद्यावर आमचं घर होतं. दोरीवरचे कपडे, चूल, आणि उडालेल्या लुगड्याच्या बाजूनं बाबा. त्यांचा डावा हात तोंडावर होता.

"ही व्यक्ती हातानं इशारा करतेय," सर म्हणाले. "उत्तरं सांगत होती का?"

तो फोटो मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. तोवर मला वाटत होतं की ते नुसते गप पडून होते. त्यांनी हातानं तोंड दाबून धरलं होतं.

नाही म्हणून चालणार नव्हतं, त्यांना कारण हवं होतं. आणि कारण सांगायचं, तर बाबांची ती गोष्ट तीन परक्या माणसांपुढं उघडी करायची. निकाल हवा होता. मी सांगितलं. ठावा वाजवण्यापासून अंथरूण बदलण्यापर्यंत, खाली टेबलाकडं बघून सगळं सांगितलं.

मग मॅडमनी हात पुढं करून लॅपटॉप मिटवला.

सरांनी बाबांचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट मागितलं. दुसऱ्या दिवशी मी ते नेऊन दिलं, आणि आठवड्यानं निकाल सुटला. पास झाले. मी विचारलं, "सर, तो फोटो काढून टाकता येईल का?"

"ते आमच्याकडं नसतं," ते म्हणाले. "कंपनीकडं असतं. अर्ज देऊन ठेव."

मी अर्ज दिला. आवक-जावकच्या खिडकीत शिक्का मारून एक प्रत मला परत मिळाली. उत्तर आलं नाही. माझे बाबा त्या अवस्थेत अजून कुठल्या तरी यंत्रात पडून असतील, कुणाकुणाला दिसत असतील, मला माहीत नाही.

त्या चौकशीच्या दिवशी घरी आले, तर बाबा जागे होते. त्यांनी बराच वेळ ओठ जुळवले.

"काय... इचारलं?"

"काई न्हाई बाबा," मी म्हणाले. "तुमचं सर्टिफिकेट मागायलेत. उद्या नेऊन देते."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी डाव्या हातानं चादर हळूहळू गळ्यापर्यंत ओढून घेतली.