मागून हाकलेले फोटो

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, शाळेत पंधरा वर्षं सगळे "मामा" म्हणत. शाळेच्या शिपायाला मामाच म्हणतात, त्यात वाईट काही नाही. पण पुढं ते बाहेरून दहावी झाले, क्लार्क झाले, आणि हेडसरांनी त्यांना पहिल्यांदा "भाऊसाहेब" म्हटलं त्या दिवशी आबांनी आईला तीनदा चहा करायला लावला आणि तीनदा तोच किस्सा सांगितला. आमचं घराणं मेंढरांमागं रानोमाळ हिंडणारं. ऑफिसातलं एक टेबल म्हणजे आम्हाला आमदारकीच की!

आणि त्याच टेबलावर एक दिवस कॉम्प्युटर येऊन बसला.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी बारामतीला कॉम्प्युटर शिकत होते आणि शनिवारी एसटीनं गावी यायची. निमगाव केतकीच्या अलीकडं आमचं गाव. शाळेनं स्कॅनरही घेतला होता, आणि पोरांच्या ओळखपत्रांचे फोटो आता शाळेतच तयार करायचे असं ठरलं होतं. हेडसर म्हणाले, "ज्याला हे जमेल त्यानं ह्या टेबलावर बसावं. नाही जमलं तर घंटा आहेच." आबांनी ते घरी जसंच्या तसं सांगितलं आणि भाकरी अर्धी टाकून उठले.

मला राग आला. म्हटलं, बघतेच आता.

माझ्याकडं एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीनं कामं सांगणारा प्रोग्रॅम होता. ती स्क्रिप्ट स्कॅन केलेला फोटो घ्यायची, कडा कापायची, सगळे एका मापाचे करायची, थोडे उजळायची आणि हजेरीचा नंबर नाव म्हणून द्यायची. पहिला आला तो एक, दुसरा आला तो दोन. ओळखपत्रावर नाव आणि फोटो त्या नंबरानंच जुळायचे. अडचण एवढीच, की ती काळ्या पडद्यावर इंग्रजी हुकूम टाइप करून चालवावी लागे. आबा एका बोटानं टाइप करायचे. कुठं जागा जास्त सुटली की पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटायचं. "ह्यो माझ्यावर वरडतोय का गं?" आबा विचारायचे.

मग मी व्हिज्युअल बेसिकमध्ये त्या स्क्रिप्टला एक खिडकी केली. मधोमध मोठा चौकोन आणि त्यात "फोटो इथं सोडा". हे तीन मराठी शब्द उमटवायला फाँट बसवण्यातच माझा एक शनिवार गेला! फोटो निवडायचे, माउसनं धरायचे, ओढत आणायचे, चौकोनात सोडायचे. सोडलेल्या फायलींची यादी खिडकीला मिळायची आणि ती मुकाट्यानं स्क्रिप्टच्या हाती द्यायची. आबांना काळा पडदा दिसायचाच नाही. मी दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा बरोबर. आबांनीही एक फोटो सोडून पाहिला. सोडले की चौकोन हिरवा व्हायचा. "आयला, लई ग्वाड हाय की!" म्हणाले आणि मी फुगून बारामतीला परत गेले.

पुढच्या शनिवारी एसटीतून उतरले तर घरात सुतक पडल्यासारखं. आबांनी आठवीच्या चाळीस पोरांचे फोटो माझ्या खिडकीतून काढून फ्लॉपी इंदापूरच्या दुकानात पाठवली होती. तिथूनच छापून, प्लॅस्टिकमध्ये बंद होऊन कार्डं थेट वर्गात गेली. पहिल्या पोराच्या नावावर शेवटच्या पोरीचं तोंड, दुसऱ्याच्या नावावर पहिल्याचं, आणि असंच खालपर्यंत. वर्गात हसून हसून पोरांची मुरकुंडी. हेडसरांनी सगळ्यांदेखत म्हटलं, "मामा, टेबलाचं काय ते सोमवारी ठरवू."

"मला परत मामा म्हनाला," आबा म्हणाले.

आणि मी काय केलं? मी त्यांच्यावरच खेकसले. "आबा, एवढं सोपं करून दिलं होतं! काहीतरी उलटसुलट केलंत तुम्ही!" आबा म्हणाले, "आसंल बया. माझंच चुकलं आसंल." आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

रविवारी आबा किल्ली घेऊन मला शाळेत घेऊन गेले. म्हटलं, माझ्यासमोर करा. त्यांनी चाळीसही फोटो निवडले, अगदी मी शिकवल्यासारखे. मग माउसचा बाण सगळ्यात खाली नेला, शेवटचा फोटो धरला आणि सगळे ओढत चौकोनात नेले.

"शेवटचा का धरला?"

आबांनी माझ्याकडं अशी नजर टाकली, की जणू मीच अडाणी. "मग? मेंढरं म्होरनं वडायची नसत्यात. मागच्याला हात घातला की म्होरची आपसूक चालत्यात."

मी यादी उघडून पाहिली आणि डोक्याला हात लावला. जो फोटो हातात धरावा तो यादीत पहिला येत होता, आणि बाकीचे त्याच्यामागं. मी दहाही वेळा पहिलाच धरला होता! म्हणून माझी खिडकी माझ्या हातात शहाणी आणि आबांच्या हातात खुळी. मला हसू आलं, रडूही आलं. "आबा, तुमचं काही चुकलं नाही. चूक माझी आहे."

यादी आली की आधी फायलींच्या नावाप्रमाणं, म्हणजे स्कॅन करताना पडलेल्या हजेरीच्या क्रमानं लावायची आणि मगच स्क्रिप्टला द्यायची, एवढंच करायचं होतं. केलं. म्हटलं, आता कुठूनही धरा.

आबा पडद्याकडं बघत होते. म्हणाले, "आन् मधलं येखादं मेंढरू आलंच न्हाय तर?"

एका पोराचा फोटो राहिला, तर त्याच्या पुढचे सगळे एकेक घर सरकणार. ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"तू असं कर," आबा म्हणाले. "आदी मला तोंडं दाव. खाली नाव. मी बघतो, मग सोडू."

संध्याकाळपर्यंत खिडकीत छोटे फोटो ओळीनं दिसू लागले, प्रत्येकाखाली हजेरीतलं नाव आणि शेवटी एक बटण. ते दाबल्याशिवाय स्क्रिप्ट हलायची नाही.

सोमवारी मी कॉलेज बुडवलं. हेडसर खुर्ची ओढून मागं बसले. मी म्हटलं, "सर, आठवीची चूक माझी होती, आबांची नव्हती." ते नुसतं हुं म्हणाले. आबांनी नववीचे फोटो निवडले, शेवटचा धरला आणि मागून हाकत चौकोनात आणून सोडले. तोंडं उमटली. आबांचं बोट एकेका चेहऱ्यावरून फिरत गेलं आणि तेविसाव्यावर थांबलं.

"सर, ही ती न्हाय. ही तिची धाकटी भैण, पाचवीतली. घरनं येताना फोटू बदललाय."

हेडसरांनी पोरीला बोलावून घेतलं. फोटो बघून ती जीभ चावून म्हणाली, "व्हय सर, ही बारकी. माझा दप्तरात हाय."

हेडसरांनी खुर्ची आबांच्या जवळ ओढली. मग म्हणाले, "तुम्हाला काय सगळी पोरं तोंडावरनं ओळखतात?"

"न वळखून कसं चालंल? पंधरा वर्सं फाटकात हुबा व्हतो की."

हेडसर उठले आणि दारात जाऊन वळले. "पोरीचा बरोबर फोटो घ्या आणि फ्लॉपी उद्या इंदापूरला धाडा, भाऊसाहेब."

आबांनी "व्हय सर" म्हटलं, मी पोरीचा फोटो स्कॅन करून बदलला, पण बटण दाबायला त्यांचं बोट काही पुढं जाईना. डोळे पाण्यानं भरले होते, त्यांना पडदाच दिसत नव्हता. शेवटी ते बटण मी दाबलं.