न फिरवलेली पाटी

अकोल्याच्या त्या महाविद्यालयात आजही सांगतात की विभागप्रमुखांनी अँटेनाची पाटी हाताने जराशी फिरवली, म्हणून माझ्या विद्यार्थिनीची पीएच.डी. वाचली. हे धादांत असत्य आहे. मी अमरावतीहून तिचा मार्गदर्शक म्हणून गेलो होतो आणि गच्चीवर तिच्या शेजारीच उभा होतो.

पाटीवर आठ लहान अँटेना एका ओळीत होत्या. पाटी जागची हलत नाही. प्रत्येक अँटेनाला मिळणारा संकेत शेजारणीपेक्षा किंचित उशिरा पाठवला, की ज्या दिशेला सगळ्या लहरी एका तालात पडतात तिकडे किरण वळतो. तिचा सारा प्रबंध एवढ्यावर उभा होता. परीक्षक दुपारी येणार होते, आणि सकाळी किरण समोर धरला तरी तो उजवीकडे कलत होता. शिवाय डावीकडे नको तेवढी ऊर्जा सांडत होती. तिचा चेहरा उतरला होता. 

"पाटीच फिरवून देतो ना सर," विभागप्रमुख म्हणाले. "परीक्षकाले का समजते?"

"त्यांना समजणार नसेल तर बोलावले कशाला? आणि डावीकडचे सांडणे काय फडक्याने पुसणार?"

"तुमी तर भांडूनच राहिले. पोरीचं नुकसान होईन ना."

ते भय मलाही होतेच. मी तिला विचारले, "मागच्या आठवड्यानंतर काय बदलले?"

"उजव्या चार केबली, सर. जुन्या तुटल्या, म्हणून जठारपेठेतून आणल्या. पण लांबी फितीनं मोजून सारखीच कापली."

"लांबी सारखी. आणि आतले प्लास्टिक?"

तिने जुन्या आणि नव्या केबलच्या तुकड्यांची टोके शेजारी धरली. जुन्याच्या गाभ्यात फेसाळ प्लास्टिक होते, नव्याच्या गाभ्यात भरीव. भरीवातून लहर हळू जाते. उजव्या चौघी मागे पडत होत्या, म्हणून किरण त्यांच्याकडे झुकत होता.

केबली बदलायला वेळ नव्हता. तिने एकेका वाटेचा फेज, म्हणजे लहरीचा ताल किती मागे पडतो ते, मोजला आणि उजवीकडे जितका उशीर होत होता, तितकाच संगणकातून डावीकडच्या चौघींना दिला. किरण समोर आला, डावीकडचे सांडणेही ओसरले. तेवढ्या वेळात मी पाटीचे चारही बोल्ट आवळले आणि विभागप्रमुखांनी आणलेला पाना खिशात टाकला.

दुपारी परीक्षकांनी आधी पाटीच हाताने हलवून पाहिली. ती हलली नाही. मग ते गच्चीच्या डाव्या टोकाला लहरी टिपणारे ग्राहकयंत्र घेऊन गेले आणि म्हणाले, "आता इकडे पाठवा." तिने संगणकात नवे उशीर भरले आणि कळ दाबली. यंत्रातला काटा चढला.

विभागप्रमुखांनी आपली हकिकत खुशाल सांगावी. पाना मी परत केलेला नाही.